आज स्वयंपाक चिऊचा!

वय 11, जेवणारी माणसं पाच, आणि स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलेली सूचना: "1 वाजेपर्यंत आजीने आत येऊ नये." आजी बिचारी दाराबाहेर खुर्ची टाकून शिट्ट्या मोजत बसली होती!

बेत: साधं वरण, भात, पोळ्या, काकडीची कोशिंबीर आणि भुट्ट्याचा कीस. पावसाळ्यात इंदूरच्या घरात पहिला स्वयंपाक, त्यात कीस नसेल तर काय!

कणीक तिने सगळ्यात आधी भिजवली आणि अर्धा तास झाकून ठेवली. लगेच लाटायला घेतली तर पोळी लाटता लाटता आक्रसते, हे तिला ठाऊक होतं. मग कुकर. पाऊण वाटी तुरीची डाळ, हळद, हिंग, थेंबभर तेल. वरच्या भांड्यात दीड वाटी तांदूळ, तीन वाट्या पाणी. चार शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात नाही. गरम कुकर उचलायला तेवढं बाबांना आत बोलावलं, लगेच बाहेरही काढलं.

खरी कमाल किसाची. चार कोवळे भुट्टे किसणीच्या मोठ्या भोकांवर किसले. जाड बुडाच्या कढईत तीन चमचे तूप, जिरं, हिंग, दोन हिरव्या मिरच्या, मग कीस. मंद आचेवर पंधरा मिनिटं सतत हलवलं, कारण भुट्ट्याचा चीक हात थांबला की बुडाला धरतो. कच्चा वास गेल्यावर एक वाटी गरम दूध, मीठ, चमचाभर साखर, आणि झाकण. दूध पूर्ण आटलं, गॅस बंद झाला, तेव्हा कुठे लिंबू. घाई केली असती तर दूध फाटून कीस चोथ्यासारखा झाला असता. वरून कोथिंबीर, ओलं खोबरं, चिमूटभर जीरावन. आजोबांनी तीनदा वाढून घेतला!

पोळ्यांचं म्हणाल तर पहिल्या तीन कडक झाल्या. तवा पुरता तापला नव्हता, त्यामुळे पोळी फुगायच्या आधीच वाळली. चौथीला तिने आच वाढवली, जास्तीची पिठी झटकली, आणि पाचवी टम्म फुगली. तेव्हाची किंकाळी शेजारच्या काकूंनाही ऐकू गेली. शेवटच्या फोटोत आहे तीच ती पोळी; खायची कुणाला परवानगी नव्हती.

कोशिंबिरीत मीठ आणि दही अगदी पानं घेताना घातलं, म्हणून काकडीला पाणी सुटलं नाही. हे तिला कुणी सांगितलं, अजून कळलेलं नाही.

पुण्याच्या मावशी, जळू नका. पुढच्या रविवारी या. बेत ती ठरवणार, भुट्टे तुम्ही किसायचे.