परीक्षा विभागाचा कार्यभार हस्तांतरण अहवाल

प्रति,
मा. प्राचार्य
प्रत : नवनियुक्त परीक्षा समन्वयक
दिनांक : 31 मे 2025

महोदय,

नियत वयोमानानुसार मी आज सेवानिवृत्त होत असून कनिष्ठ महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाचा कार्यभार पुढीलप्रमाणे सुपूर्द करीत आहे.

प्रलंबित कामांपैकी सर्वांत निकडीचे काम दोन विद्यार्थ्यांच्या पुनर्मूल्यांकनाचे आहे. त्यांनी उत्तरपत्रिकांच्या छायाप्रतींसाठी अर्ज केलेले असून, छायाप्रत हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज गेला नाही तर हक्क जातो. म्हणून छायाप्रत येताच विषयशिक्षकांकडून त्याच दिवशी तपासून घ्यावी. पुरवणी परीक्षेला बसणाऱ्या सात विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे वाटायची आहेत. त्यांपैकी दोघे गावी असल्याने पालकांना दूरध्वनी करावा. एका गुणपत्रिकेतील आईच्या नावाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव तयार आहे, त्यावर फक्त आपली स्वाक्षरी राहिली आहे.

दप्तर कपाट क्रमांक 2 मध्ये आहे. वरच्या कप्प्यात निकालपत्रके व अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदवह्या, खालच्या कप्प्यात कोऱ्या उत्तरपत्रिका व पुरवण्यांची साठा नोंदवही आहे. मोजणी आज दोघांनी मिळून केली असून आकडे जुळले आहेत. मंडळाच्या संकेतस्थळाचा पासवर्ड बंद लिफाफ्यात आपल्याकडे दिला आहे. तो आजच बदलावा. विभागीय मंडळाचा उच्च माध्यमिक कक्ष, परिरक्षक केंद्र, केंद्रसंचालक आणि पोलीस ठाणे यांचे क्रमांक आवक-जावक नोंदवहीच्या पहिल्या पानावर आहेत. अडचण आल्यास परिरक्षकांशी आधी बोलावे, पत्र मागाहून पाठवावे.

अनुभवातून एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. दोन वर्षांपूर्वी विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थिनीच्या आवेदनपत्रात जीवशास्त्राच्या 56 ऐवजी भूगोलाचा 39 हा संकेतांक पडला. पूर्वयादीवर माझी बरोबरची खूण होती, कारण मी नावे वाचली, संकेतांक वाचले नाहीत. प्रवेशपत्र हाती पडल्यावर ती मुलगी कार्यालयाच्या दारात कागद घट्ट धरून उभी होती. रडत नव्हती, फक्त ‘सर, भूगोल मी घेतलाच नाही’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुरुस्ती वेळेत झाली, पण अभ्यासाचे चार दिवस तिचे गेले. तेव्हापासून पूर्वयादी प्रत्येक विद्यार्थ्यासमोर ठेवून एकेक विषय त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला जातो आणि मगच त्याची स्वाक्षरी होते. यास प्रत्येक तुकडीला दोन तासिका लागतात. त्या कृपया कमी करू नयेत.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलतींचे प्रस्तावही दिवाळीपूर्वीच पाठवावेत. ताशी वीस मिनिटांचा जादा वेळ आणि लेखनिक हा त्यांचा हक्क आहे, परंतु प्रमाणपत्र जुने निघाले तर ऐनवेळी धावाधाव होते. येत्या वर्षी अशी तीन मुले बारावीत आहेत. त्यांची नावे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहेत.

आपला विश्वासू,
मावळते परीक्षा समन्वयक