पेरणीचं बी घरीच राहू द्या

प्रभूमध्ये सगळ्यांना सलाम.

आज सुगीची उपकारस्तुती. वेदीपुढं मक्याची कणसं आहेत, सोयाबीनची पोती आहेत, गाठोडंभर कापूस आहे.

आपल्यातले कितीतरी जण बटईनं शेत करतात. बटईदार रान आपलंच समजून राबतो, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे हे विसरत नाही. चोविसावं स्तोत्र तेच सांगतं: पृथ्वी परमेश्वराची. आपण कारभारी. आणि कारभाऱ्याच्या हिशेबात अर्पणाच्या पाकिटासोबत लेकरांची फी, दवाखाना, बोअरचं पाणी सगळंच येतं.

मार्कच्या बाराव्या अध्यायातली ती विधवा तुम्हाला ठाऊक आहे. दानपेटीत दोन टोल्या टाकणारी, होतं नव्हतं ते सगळं देणारी. एके वर्षी तिचं नाव घेऊन मी तुम्हाला विचारलं होतं, 'तुम्ही किती टाकलंत?' आणि वर, देणाऱ्यांची नावं आकड्यांसह वाचली. त्या हंगामात जिचं सोयाबीन पाण्यात गेलं होतं ती आपली एक बहीण पुढं दोन महिने उपासनेला आली नाही. चूक माझी होती. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, आज तुमचीही मागतो. त्या गोष्टीच्या अगदी आधीच्या वचनात प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना दोष देतो, ते मी वाचलंच नव्हतं. आणि त्या बाईबद्दल तो बोलला ते शिष्यांना जवळ बोलावून. गर्दीत तिला उभं केलं नाही.

म्हणून ऐका. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्यानं ते आधी फेडावं. सावकाराकडून आणून पेटीत टाकू नये. पेरणीचं बी घरीच राहू द्या. हजार टाका, लाख मिळतील, असं मी म्हणणार नाही. तो सौदा झाला. पौलानं यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हाही करिंथकरांना लिहिलं की ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नाही.

मग द्यायचं तरी कशाला? 2016 चा उन्हाळा आठवा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल. आपल्या गल्लीत एकाच्याच बोअरला पाणी होतं. त्या म्हाताऱ्या बाबांनी भिंतीवरून नळी बाहेर सोडली आणि रोज सांजच्याला स्वतः ती धरून उभे राहिले. लेकरं घागरी लावायची, ते एकेक भरून द्यायचे. बोअर उद्या आटेल की परवा, त्यांना माहीत नव्हतं. कुणी मागायलाही गेलं नव्हतं. घागर भरताना त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसायचा, तो तुम्हाला मिळावा एवढीच माझी प्रार्थना आहे.

आज थाळी फिरणार नाही. पेटी दाराशी आहे, पाकिटावर नाव लिहू नका. वेदीपुढच्या या मालाच्या लिलावात कुणी बोली लावली नाही तरी त्याच्याकडं कुणी वळून बघू नये. गेल्या वर्षीचा जमाखर्च फळ्यावर लावलाय: छपराचे पत्रे, दोन पोरांची होस्टेलची फी, सगळं. शंका असेल तर मला विचारा, राग येणार नाही.

आणि ज्यांच्या घरी यंदा धान्य नाही त्यांच्यासाठी डावीकडची दोन पोती लिलावात घेतलेली नाहीत. न्यायला संकोच वाटत असेल तर मला नुसता निरोप द्या, अंधार पडल्यावर मी घरी आणून देतो.