ओला, सुका, घातक: इयत्ता सहावीचा पाठ

मुलांनो, देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून मुंबईचा कचरा झेलतंय. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली आणि धुराने शहर भरलं. ओला कचरा ढिगात दाबला गेला, हवा मिळाली नाही, की कुजताना मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेतो. म्हणून कचरा घरातच वेगळा करायचा.

भाजीची देठं, चहाचा चोथा, उरलेला भात, माशाचे काटे हिरव्या डब्यात. कागद, पुठ्ठा, बाटल्या निळ्या डब्यात. बॅटरी, ट्यूबलाइट, संपलेली औषधं वेगळी ठेवा. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, खूण करून द्या. कचरा हाताने निवडणाऱ्या ताई-दादांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

आता दुधाची पिशवी बघा. आत थेंबभर दूध राहिलं तर बाकीचा कागदही चिकट होतो, वास मारतो, भंगारवाला घेत नाही. पिशवी विसळा, वाळवा, मगच निळ्या डब्यात टाका. कोपरा कापताना तुकडा सुटू देऊ नका, तो हमखास गटारात जातो.

वर्गकृती: सोमवारी मधल्या सुट्टीनंतर पाच गट आपापल्या बाकांखालचा कचरा वर्तमानपत्रावर पसरून तीन ढीग करतील. हातमोजे घालायचेच. कोणता ढीग सर्वांत मोठा, ते फळ्यावर लिहा.

तपासणी: पुढच्या सोमवारी गट आठवडाभर सांभाळलेले आपापले डबे अदलाबदल करून उघडतील. चुकीच्या डब्यातली प्रत्येक वस्तू वहीत नोंदवा. तीनपेक्षा जास्त निघाल्या, तर तो गट आणखी आठवडाभर डबे सांभाळेल आणि पुन्हा तपासणी होईल.