शिरोलीच्या फाउंड्रीचे फॉलो-अप मेल: सुधारलेला मसुदा

अभिजित,

हवेच्या गळतीच्या सर्व्हेच्या कोटेशनमागे पाठवायचे तुझे चारही मेल वाचले. भाषा नीट आहे, चूक कुठेच नाही. पण एकाखाली एक ठेवून बघ: "कोटेशन मिळालं का?", "कोटेशन बघितलं का?", "काही निर्णय झाला का?", "शेवटची आठवण." चार मेलमध्ये फाउंड्रीचे मालक पाटील साहेब यांना नवीन काय कळलं, तर आपल्याला ऑर्डर हवी आहे. ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

म्हणून एकच कसोटी लावून पुन्हा लिहिले: त्यांनी आपल्याला काम दिलंच नाही, तरी हा मेल त्यांच्या उपयोगाचा आहे का? खालचे मजकूर तसेच पाठव.

मेल १. शनिवारी सकाळी

तू गुरुवार धरला होतास. शनिवार यासाठी की सोमवारी त्यांचा प्लांट बंद असतो आणि ही चाचणी बंद प्लांटमध्येच होते. "सदर कोटेशनबाबत आठवण" हा विषय काढला.

विषय: सोमवारी प्लांट बंद असताना हवेची गळती मोजता येईल

पाटील साहेब, नमस्कार.

कोटेशन मंगळवारी पाठवलं आहेच. त्यावर विचार करण्याआधी गळती खरोखर किती आहे हे तुम्ही स्वतःच मोजू शकता. त्यासाठी आम्ही यायची गरज नाही.

सोमवारी हवा वापरणारं एकही मशीन चालू नसताना ५५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर सुरू करा. शॉपकडे जाणाऱ्या लाईनचे मेन व्हॉल्व्ह उघडेच राहू द्या. प्रेशर भरलं की कॉम्प्रेसर अनलोड होईल, गळतीमुळे प्रेशर उतरलं की पुन्हा लोड होईल. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन्ही वेळा पाच-सहा फेऱ्या टिपा आणि सरासरी काढा.

गळती (टक्के) = लोडची वेळ ÷ (लोडची वेळ + अनलोडची वेळ) × १००

उदाहरणार्थ, लोड दीड मिनिट आणि अनलोड साडेतीन मिनिटं आली तर गळती ३० टक्के. १० टक्क्यांच्या आत आली तर सध्या आमच्या सर्व्हेची गरज नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

तुमचा दुसरा, व्हीएफडीवाला कॉम्प्रेसर त्या वेळी बंद ठेवा. तो चालू राहिला तर हे गणित चुकेल.

अभिजित

मेल २. पुढच्या गुरुवारी

इथे मी सगळ्यात जास्त कात्री चालवली. तू लिहिलं होतंस, "दरमहा ७७,००० रुपयांची बचत." हिशोब असा केलास: ५५ चे ३० टक्के, म्हणजे १६.५ किलोवॅट, गुणिले ५२० तास, गुणिले ९ रुपये. गुणाकार बरोबर, पण दावा खोटा. गळती शून्यावर कधीच येत नाही. शिवाय फिक्स्ड स्पीड मशीन अनलोडला गेलं तरी वीज खातच राहतं. साहेबांचा अकाउंटंट हे दोन मिनिटांत पकडेल आणि मग आपल्या पुढच्या कुठल्याच आकड्यावर त्याचा विश्वास बसणार नाही. छोटा आकडा दे, पण टिकणारा दे.

विषय: गळती निम्मी झाली तर बिलात किती फरक पडेल

पाटील साहेब, नमस्कार.

सोमवारची चाचणी झाली असेल तर तुमचा आकडा खालच्या हिशोबात घाला. झाली नसेल तर तोवर ३० टक्के धरू.

सर्व्हे आणि दुरुस्तीनंतर गळती ३० वरून १५ टक्क्यांवर आली, असं समजू. ५५ किलोवॅटचे १५ टक्के म्हणजे सव्वाआठ किलोवॅट. पण अनलोडला असतानाही मशीन पूर्ण लोडच्या साधारण ३० टक्के वीज घेतं, म्हणून प्रत्यक्ष बचत पावणेसहा किलोवॅटच्या आसपास धरली आहे. दिवसाला २० तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे सुमारे ३,००० युनिट. ९ रुपये दराने महिन्याला २७,००० रुपये.

सर्व्हेचे ४८,००० रुपये (अधिक जीएसटी) आहेत. फिटिंग आणि होस बदलण्याचा खर्च त्यात नाही, तो तुमच्याकडेच राहील. हिशोबाची एक्सेल शीट जोडली आहे. महावितरणच्या बिलातला तुमचा प्रत्यक्ष दर त्यात टाकून बघा.

अभिजित

मेल ३. त्यानंतरच्या बुधवारी, सुतार साहेबांना. पाटील साहेब सीसीमध्ये

तुझा तिसरा मेलही मालकांनाच होता. पण सर्व्हे नको म्हणणारा माणूस बहुतेक वेळा मेंटेनन्समध्ये बसलेला असतो. बाहेरचे लोक येऊन आपल्या चुका दाखवणार, असं त्याला वाटतं. तेव्हा त्याच्या हातात काहीतरी दे. "आमच्या तज्ज्ञ टीमकडून" वगैरे सगळं काढलं.

विषय: फाउंड्रीत हवा कुठून जाते: शॉपमध्ये लावायची यादी

सुतार साहेब, नमस्कार.

भेटीच्या वेळी तुम्ही म्हणालात की शॉपच्या आवाजात गळती ऐकूच येत नाही. म्हणून ही यादी पाठवतोय. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन तुमचा फिटरही ही ठिकाणं तपासू शकेल.

फेटलिंगमधल्या ग्राइंडरच्या क्विक कपलरपासून सुरुवात करा. ते रोज जोडले-सोडले जातात आणि आतलं सील सगळ्यात आधी जातं. मग मोल्डिंग मशीनच्या होसचे क्लॅम्प, एफआरएलचे बाऊल, पुश फिटिंगमध्ये तिरप्या कापलेल्या पीयू ट्यूब. रिसीव्हरचा ऑटो ड्रेन वाळू किंवा गंजामुळे उघडाच अडकलेला असतो, आणि पाणी जातंय समजून तिकडे कोणी बघत नाही. सात बारला ३ मिमीचं एक भोक साधारण ३ किलोवॅट खातं.

एक विनंती: गळती बंद झाल्याशिवाय कॉम्प्रेसरचं प्रेशर उतरवू नका, नाहीतर टोकाच्या मोल्डिंग मशीनला हवा कमी पडेल आणि दोष तुमच्यावर येईल. गळती आटोक्यात आल्यावर मात्र एक बार कमी केलात तर ६-७ टक्के वीज वाचते.

छताजवळच्या हेडरला साबण लावणं शक्य नसतं. तिथे आणि चालू शॉपमध्ये आमचं अल्ट्रासॉनिक यंत्र उपयोगी पडतं.

अभिजित

मेल ४. दोन आठवडे थांबून, पाटील साहेबांना

"आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने आम्ही असे समजतो की..." हे वाक्य पुन्हा कुठल्याच मेलमध्ये नको. त्यात रुसवा दिसतो, आणि माणूस कामात असेल तर तो उगाच दुखावतो. त्याऐवजी त्यांना हो म्हणायला सोपी वाट दिली आहे. किमतीला मी कालच मंजुरी घेतली.

विषय: फक्त फेटलिंग शॉपचा सर्व्हे, एका दिवसात

पाटील साहेब, नमस्कार.

पूर्ण प्लांटचा सर्व्हे सध्या जमणार नसेल, तर फक्त फेटलिंग शॉप एका दिवसात करता येईल. खर्च १८,००० रुपये अधिक जीएसटी. प्रत्येक गळतीला नंबरचा टॅग लागेल आणि दुरुस्तीच्या क्रमाने यादी त्याच दिवशी सुतार साहेबांच्या हातात पडेल. पुढे पूर्ण सर्व्हे केलात तर ही रक्कम त्यातून वजा होईल.

मूळ कोटेशनचे दर महिनाअखेरपर्यंत आहेत. या वर्षी हे करायचं नसेल तर "नंतर" एवढंच कळवा, मी मध्ये मेल करणार नाही. एक्सेल शीट आणि यादी तुमच्याकडेच राहू द्या.

अभिजित

शेवटचं. चारही मेल एकदम शेड्यूल करून ठेवू नकोस. त्यांनी सोमवारची चाचणी करून आकडा कळवला तर मेल २ मधला ३० टक्क्यांचा अंदाज काढून त्यांच्याच आकड्याने हिशोब मांड. आकडा १० च्या आत आला तर फोन करून अभिनंदन कर आणि मेल २ व ४ रद्द कर. सुतार साहेबांना यादी मात्र तेव्हाही पाठव. एक्सेल शीट पाठवण्याआधी मला दाखव. जुन्या शीटमध्ये अनलोडची वीज धरलेलीच नाही.

वैशाली