विषय: मेंटेनन्स इंजिनिअरची जागा, बजेट मंजुरीबाबत

कुलकर्णी साहेब,
सप्रेम नमस्कार.

८ जुलैला आपण स्वतः फोन करून सांगितलंत की माझी निवड आपल्या बाजूने पक्की आहे, पण जागेच्या बजेटवर हेड ऑफिसची सही बाकी आहे आणि ती कधी होईल हे आपल्यालाही सांगता येत नाही. गोलमोल न बोलता इतकं स्पष्ट सांगितलंत, याचं बरं वाटलं. त्यामुळे आज तारीख विचारायला लिहीत नाही. जी आपल्याच हातात नाही ती मागून उपयोग काय?

मात्र माझ्या बाजूच्या दोन गोष्टी आपल्या कानावर असाव्यात. पहिली, माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे आणि आमच्याकडे तो सहसा कमी करत नाहीत. म्हणजे मंजुरी गणपतीत आली तरी मी रुजू होणार दिवाळीच्या सुमारास. हेड ऑफिसला पटवताना हा हिशेब कामी आला तर जरूर वापरा. दुसरी, आमच्या प्लँटचं वार्षिक शटडाउन डिसेंबरात असतं आणि त्याची कामं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वाटली जातात. एकदा नाव लागलं की मध्येच सोडून जाणं मला बरं वाटणार नाही. आपल्यावर दबाव आणायला हे सांगत नाही. आमच्या इथल्या साहेबांनी नाव विचारलं की मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, एवढंच.

म्हणून त्याआधी, साधारण २० ऑगस्टपर्यंत, दोन ओळी मिळाल्या तर पुरे: फाइल अजून फायनान्सकडेच आहे की पुढे सरकली, आणि जागा या आर्थिक वर्षातच भरायचा विचार कायम आहे ना. विचार पुढच्या एप्रिलवर गेला असेल तर तेही बिनधास्त कळवा. वाईट वाटेल, पण राग येणार नाही.

प्लँट दाखवताना आपण कूलिंग वॉटरच्या दोन नंबर पंपापाशी थांबला होतात. ग्लँडमधून पाण्याची धार लागली होती. पॅकिंगमधून थोडं ठिबकायलाच हवं, नाहीतर शाफ्ट स्लीव्ह घासून जाते. पण ती धार ठिबकण्यातली नव्हती. तिथे मेकॅनिकल सील बसवायचं तर आधी काय काय तपासावं लागेल, ते एका पानावर लिहून सोबत जोडलं आहे. नोकरी मिळो न मिळो, पान आपलंच.

आपली हरकत नसेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक फोन करीन. संध्याकाळी सहानंतर चालेल ना? मधे उगाच फोन करून त्रास देणार नाही.

आपला,
समीर
रावपुरा, वडोदरा
२२ जुलै