क्रेडिट कार्डाचे शुल्क: कशाबद्दल, किती आणि कसे टाळायचे

बेळगाव, खानापूर व निपाणी येथील कार्डधारकांसाठी. सर्व शुल्कांवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. तुमचे बिल दरमहा 12 तारखेला तयार होते आणि ते पुढच्या महिन्याच्या 2 तारखेपर्यंत भरायचे असते.

व्याज: महिना 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के

सर्वांत जास्त पैसे इथेच जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. पूर्ण बिल वेळेत भरले तर व्याज शून्य. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते. तेवढी भरली की झाले, असे अनेकांना वाटते, पण तसे नाही. किमान रक्कम भरल्याने फक्त विलंब शुल्क वाचते.

समजा, लग्नाच्या बस्त्यासाठी 15 मे रोजी शहापुरात 20,000 रुपयांच्या साड्या घेतल्या. 12 जूनला बिल आले. 2 जुलैला तुम्ही किमान 1,000 भरले. उरलेल्या 19,000 वर व्याज 2 जुलैपासून नव्हे, तर 15 मेपासून लागते. 12 जुलैपर्यंतच्या 58 दिवसांचे 1,268 रुपये, त्यावर जीएसटी 228, एकूण 1,496. पुढची किमान रक्कम येते 2,446 रुपये आणि त्यातून साड्यांचे फक्त 950 फिटतात. शिवाय थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत. किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू.

टाळायचे कसे: बचत खात्यातून ‘पूर्ण रक्कम’ आपोआप कापण्याची सूचना द्या. अर्जात ‘किमान रक्कम’ असाही पर्याय असतो, त्यावर खूण करू नका. पूर्ण भरणे शक्यच नसेल तर जमेल तितके जास्त आणि जमेल तितके लवकर भरा, आणि तोवर कार्ड वापरू नका.

विलंब शुल्क

थकीत रक्कम 500 पर्यंत असेल तर काही नाही, 5,000 पर्यंत 500 रुपये, 10,000 पर्यंत 750, त्यापुढे 1,000. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुदतीनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय हे लावता येत नाही, म्हणून 5 तारखेपर्यंत किमान रक्कम जमा झाली तर ते लागणार नाही. व्याजमुक्त मुदत मात्र 2 तारखेलाच संपते.

पगार 7 तारखेला होत असेल, तर बिलाची तारीख बदलून घ्या. शाखेत एक अर्ज पुरतो आणि तो तुमचा हक्क आहे. ऊसबिलाच्या भरवशावर मात्र कार्ड वापरू नये, असे आम्ही कळकळीने सांगतो. कारखान्याचे पैसे लांबले तरी कार्डाची तारीख थांबत नाही.

एटीएममधून रोख

रकमेच्या 2.5 टक्के किंवा 500 रुपये, यांतले जे जास्त ते. 5,000 काढले की जीएसटीसह 590 गेले, आणि व्याज त्याच दिवसापासून. दवाखान्यात पैसे भरायचे असतील तर काउंटरवर कार्डच स्वाइप करा. रोख काढण्याची सोय ॲपमधून बंद ठेवता येते; ती बंदच ठेवा.

वार्षिक शुल्क: 499 रुपये

पहिले वर्ष मोफत. पुढे वर्षभरात 60,000 ची खरेदी झाली तर माफ. रोख आणि घरभाडे त्यात धरत नाहीत. कार्ड नको असेल तर वर्ष संपण्याआधी बंद करा.

पेट्रोल-डिझेल

पंपावर 1 टक्का अधिभार. 400 ते 4,000 रुपयांच्या व्यवहारावर तो परत मिळतो, पण त्यावरचा जीएसटी मिळत नाही. 3,000 चे डिझेल भरले तर 30 रुपये परत येतात, 5 रुपये 40 पैसे जातात.

बाकीचे

आपोआप कापणी परत गेली: 2 टक्के, किमान 500. आदल्या दिवशी खात्यात शिल्लक पाहा.

मर्यादेपेक्षा जास्त खर्च: जास्तीच्या रकमेवर 2.5 टक्के, किमान 500. तुम्ही संमती दिली असेल तरच हे लागते. संमती देऊ नका.

परकीय चलन: 3.5 टक्के.

ईएमआय: प्रत्येक खरेदीमागे 199 रुपये. ‘बिनव्याजी’ म्हटले तरी हे लागतात.

एक गोष्ट या यादीत नाही. कार्ड पुढे केल्यावर दुकानदाराने वरचे दोन टक्के मागितले, तर ते बँकेचे शुल्क नव्हे. देण्याआधी त्याला तसे सांगा.

कार्ड बंद करताना

सर्व बाकी भरून अर्ज द्या. कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. नाही झाले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँक तुम्हाला देणे लागते. चुकीचे शुल्क लागल्यास आधी शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मराठीत लिहिली तरी चालेल. 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवा. माहितीसाठी 14448 वर फोन करा.