बारा आकडे

गुरुवारी करी रोडला उतरून बाबांच्या खोलीवर पोचले. पाणी प्यायला माठाकडे वळले, तर फडताळावर बीपीच्या गोळ्यांची पाकिटं रिकामी पडलेली.

"बाबा, गोळ्या कधी संपल्या?"

"मंगळवारी." ते वर्तमानपत्रातून मान वर करेनात.

बऱ्याच वेळाने एकेक गोष्ट बाहेर आली. मंगळवारी संध्याकाळी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये बिल झालं १,१८६ रुपये. त्यांनी क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला. बँकेचा मेसेज आला, पैसे गेले. अ‍ॅपवर मात्र 'पेंडिंग', आणि दुकानातला बोलका डबा गप्प. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, आले नाहीत पैसे. परत करा." मागे पाच-सहा माणसं उभी. बाबा पिशवी तिथेच ठेवून घरी आले.

"रोख द्यायचे ना मग."

"दोनदा कशाला देऊ? आणि त्या पोराला वाटलं, म्हातारा खोटं बोलतोय."

तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. रात्री डेपोत तिकिटं आणि रोकड जुळली नाही, तर फरक स्वतःच्या खिशातून भरायचा, पण हिशेब अर्धवट ठेवून घरी यायचे नाहीत. गोळ्यांचं भान सुटलं होतं ते यामुळे. मी आधी खाली उतरून दुसऱ्या दुकानातून रोखीने गोळ्या आणल्या, त्यांना एक घ्यायला लावली आणि मगच फोन मागितला.

फोनच्या कव्हरमध्ये कागदाचा तुकडा होता. त्यावर एक मोबाईल नंबर.

"हा कुणाचा?"

"कस्टमर केअर. इंटरनेटवर मिळाला. आज लावणार होतो."

माझ्या पोटात गोळा आला. "बाबा, असले नंबर लावायचे नाहीत. हे लोक एखादं अ‍ॅप टाकायला सांगतात, पिन मागतात. आपल्याकडे पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच." तो कागद त्यांनी स्वतः फाडला, बारीक बारीक तुकडे करून.

मी भराभर बटणं दाबायला लागले, तसा त्यांनी फोन ओढून घेतला. "तू सांग. मी करतो."

चूक माझीच होती. मी सरकून बसले.

व्यवहारांच्या यादीत त्यांनी मंगळवारचा उघडला. खाली यूटीआर नंबर, बारा आकडी. त्यांनी जुनी डायरी काढली आणि एकेक आकडा उच्चारत लिहून घेतला. मग बँकेच्या मेसेजमधला नंबर ताडून पाहिला. सगळे आकडे तेच. "म्हणजे आपल्याकडून निघालेत," ते म्हणाले. आवाजात जरा जीव आला.

पुढचा टप्पा दुकान. ते यायला तयार नव्हते, पण डायरी खिशात घालून आले. मालक गल्ल्यावर होते. त्यांनी आपल्या फोनवर मंगळवारची जमा पाहिली, बारा आकडे टाकून शोधलं. नाही सापडले. "काका, तुमच्याकडून निघालेत, आमच्याकडे पोचले नाहीत. मधेच अडकलेत." पोरगाही डोकावून पाहत होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत.

घरी येऊन अ‍ॅपमध्येच तक्रार नोंदवली. डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर बँकेलाही फोन लावला. बाईंनी तक्रार क्रमांक दिला, तो डायरीत गेला. मी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम सांगितला: खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुकानदाराला पावती पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ती आपणहून परत करायची. उशीर झाला तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई.

बाबांनी बोटांवर मोजलं. "रविवारपर्यंत."

शनिवारी सकाळी सातला डोंबिवलीत माझा फोन वाजला. "वैशू, आले! एक हजार एकशे शहाऐंशी. खाली बारा आकडे आहेत, वाचतो, थांब." मी थांबले. डायरीतले आणि मेसेजमधले, दोन्हीकडचे आकडे त्यांनी आळीपाळीने वाचून दाखवले. शेवटचा जुळला तेव्हा त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"आता निघतो," ते म्हणाले.

"एवढ्या सकाळी कुठे?"

"मेडिकल आठला उघडतं. त्या पोराला दाखवून येतो. आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या तिथूनच घेतो. स्कॅन करून."